बेल्जियमहून दुरुस्त होऊन आलेला मागाचा बोर्ड कस्टम्समध्ये अडकलाय, कुरियरला पत्र कसं लिहू?

धोटा_इचलकरंजी | १३ जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमचे इचलकरंजीत थोडे एअरजेट माग आहेत. मार्चमध्ये एका मागाचा मेन कंट्रोल बोर्ड जळाला. इथे दोन जणांनी हात लावून बघितला, पण जमलं नाही, म्हणून ६ एप्रिलला तो मुंबईच्या एजंटामार्फत बेल्जियमला कंपनीकडे दुरुस्तीला पाठवला. जाताना रीतसर शिपिंग बिल केलं होतं. दुरुस्ती होऊन २ जूनला बोर्ड तिकडून कुरियरने निघाला आणि ५ जूनला मुंबईत उतरला. तेव्हापासून ट्रॅकिंगवर एकच ओळ आहे, On hold – clearance. आज आठ दिवस झाले.

मी तीन ईमेल केले. तिन्हींत एअरवे बिल नंबर टाकून ‘माग बंद आहे, कृपया लवकर सोडवा, कधी मिळेल ते कळवा’ एवढंच लिहिलं. उत्तर म्हणून फक्त तक्रार क्रमांक येतो. फोन केला की ‘कस्टम्सकडे आहे, आमच्या हातात नाही’ म्हणतात. बीम चढवून ठेवलेला आहे, सौद्याची तारीख जवळ येतेय. भांडण करायचं नाही, पुढेही याच लोकांकडून पार्सलं येणार. पण उत्तर मिळेल असं पत्र कसं लिहायचं, कुणी सांगेल का?

(एअरवे बिल नंबर 48276XXXXX. शेवटचे पाच आकडे मुद्दाम झाकलेत.)

रानवारा | १३ जून, रात्री ९.३२

कंपनीचं नाव टाकून सोशल मीडियावर लिहा, दोन तासांत फोन येतो. नाहीतर सरळ ग्राहक मंचात जा.

मीनल_प | १३ जून, रात्री ९.४५

माझंही असंच झालं होतं. बहिणीने अमेरिकेहून मुलीसाठी फ्रॉक आणि खेळणी पाठवली, तीन आठवडे अडकली. शेवटी ड्युटी भरून घ्यावी लागली. पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू माफ असते ना? तुम्ही पण पत्रात ‘गिफ्ट’ लिहून बघा.

सहारकर | १३ जून, रात्री १०.२०

मीनलताई, ती पाच हजारांची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी वगळली आहेत, बाकी भेटवस्तूवर पूर्ण ड्युटी लागते. आणि कारखान्याच्या नावाने आलेल्या बोर्डाला गिफ्ट म्हणणं म्हणजे खोटं डिक्लरेशन. ते कृपया कुणी करू नका.

रानवारा, कारखान्यासाठी मागवलेला माल ‘व्यापारी कारणासाठी’ या सदरात जातो, ग्राहक कायद्यात तिथेच हरकत निघेल. आणि तो निकाल लागेपर्यंत बोर्ड गोदामातच पडून राहील.

धोटा, मी सहारला एअर कार्गोत क्लिअरन्सचं काम करतो, तेवीस वर्षं झाली. तुमच्या पत्रांना उत्तर मिळालं नाही, कारण ‘कधी’ हे फोनवरच्या मुलाला माहीतच नसतं. त्याच्या स्क्रीनवर तुम्हाला दिसते तीच ओळ दिसते. बिल ऑफ एंट्री म्हणजे माल सोडवण्यासाठी कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र. त्याला ‘बिल ऑफ एंट्री भरलं आहे का’ असं विचारलं, की त्याला तो प्रश्न क्लिअरन्स डेस्ककडे पाठवावाच लागतो. सगळं काही या उत्तरावर अवलंबून आहे. भरलं नसेल, तर माल कस्टम्सकडे ‘अडकलेला’ नाही, तो कुरियरच्या डेस्कवर तुमच्या कुठल्यातरी कागदासाठी थांबलाय. भरलं असेल, तर त्याला क्रमांक आणि तारीख असते, आणि अधिकाऱ्याने शंका काढली असेल तर ती लेखी असते. ती मागून घ्यायची.

आठ दिवस काहीच हालचाल नाही म्हणजे माझा अंदाज पहिल्यावर आहे. एक काम करा. ५ ते ७ जूनच्या दरम्यानचा कुरियरचा ईमेल शोधा, स्पॅममध्ये सुद्धा. आणि बेल्जियमच्या कंपनीने एअरवे बिलावर तुमचा कोणता ईमेल टाकला होता तेही बघा.

अजून एक, सगळ्यात महत्त्वाचं. परतीच्या इन्व्हॉइसवर किंमत काय लिहिली आहे?

धोटा_इचलकरंजी | १३ जून, रात्री ११.०५

सहारकर दादा, अगदी तसंच निघालं. एअरवे बिलावर आमच्या जुन्या दिवाणजींचा ईमेल आहे, ते दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेले. बेल्जियमवाल्यांकडे तोच नोंदलेला होता. आत्ता त्यांना फोन करून झोपेतून उठवलं. त्यांच्याकडे ६ जूनचा ईमेल पडून आहे. त्यात आयईसी, जीएसटी नोंदणी, केवायसीचे कागद आणि ऑथोरिटी लेटर मागितलंय. शिवाय ‘खरेदीचा पेमेंट पुरावा’ही मागितलाय, आणि खाली अंदाजे ड्युटी काढलीय, ती २,४०० युरोवर.

इन्व्हॉइसवर वर ‘कस्टम्ससाठी किंमत २,४०० युरो’ लिहिलंय. खाली बारीक अक्षरात ‘दुरुस्ती खर्च ३८० युरो’. पैसे आम्ही ३८०च दिले आहेत. बोर्ड आमचाच आहे, खरेदी कसली?

नाना_सांगलीकर | १४ जून, सकाळी ७.१५

पोरा, एवढ्यासाठी माग थांबवू नकोस. कुरियरवाले म्हणतात ती ड्युटी भरून टाक, बोर्ड आण. जीएसटी नंतर क्रेडिटमध्ये परत मिळतोच. आम्ही दूध संघाच्या मशिनरीच्या पार्टचं असंच करतो.

सहारकर | १४ जून, सकाळी ८.४०

नाना, अर्धं बरोबर. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, तेही बिल ऑफ एंट्रीवर कारखान्याचा जीएसटी नंबर पडला असेल तरच. पण बेसिक कस्टम ड्युटी आणि तिच्यावरचा सरचार्ज हा खर्चच, तो परत येत नाही. आणि एकदा चुकीच्या किमतीवर असेसमेंट होऊन पैसे भरले, की नुसता रिफंडचा अर्ज देऊन भागत नाही. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी ते असेसमेंट बदलून घ्यावं लागतं, मग रिफंड. छोट्या कारखानदाराला ते परवडत नाही. म्हणून आधी थांबवणं सोपं.

धोटा, तुमच्यासाठी नोटिफिकेशन आहे, ४५/२०१७-कस्टम्स, ३० जून २०१७ चं. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला माल परत आला तर ड्युटी पूर्ण किमतीवर लागत नाही. दुरुस्तीचा खर्च, त्यात वापरलेल्या सुट्या भागांची किंमत, आणि जाता-येताचं भाडं व विमा, एवढ्याच बेरजेवर लागते. तुमचा हिशेब करू. युरो १०० रुपये धरतो, खरा दर कस्टम्सने जाहीर केलेला लागेल.

पूर्ण किंमत धरली तर २,४०,००० रुपये. दुरुस्ती ३८,०००, जाताना भाडं समजा ५,०००, येताना ९,५००, दोन्हीकडचा विमा १,५००. बेरीज ५४,०००. म्हणजे ड्युटीचा पाया चौथ्या हिश्श्यापेक्षाही खाली येतो.

अटी तुमच्या बाबतीत अशा: निर्यात झाल्यापासून ३ वर्षांच्या आत माल परत यायला हवा (तुमचे दोनच महिने झालेत), मालकी बदललेली नसावी, आणि परत आलेला माल तोच असावा. या शेवटच्या अटीवर गाडी अडते. बरेच उत्पादक तुमचा बोर्ड ठेवून घेतात आणि स्टॉकमधला दुसरा दुरुस्त बोर्ड पाठवतात. तो तुम्हाला चालतो, मागाला चालतो, कस्टम्सला चालत नाही. सिरीयल नंबर जुळत नसेल तर ही सवलत गेली. म्हणून जातानाच्या आणि येतानाच्या कागदांवरचे सिरीयल नंबर शेजारी ठेवून बघा.

अजून पत्र पाठवू नका. आधी हे बघा.

कोष्टी_वहिनी | १४ जून, सकाळी ९.२५

दादा म्हणतात ते अगदी आमच्या बाबतीत घडलंय. आमचा (भिवंडी) ड्राइव्हचा युनिट जर्मनीहून बदलून आला. इन्व्हॉइसवर ‘रिपेअर’ लिहिलं होतं, पण तपासणीत नंबर दुसराच निघाला. पूर्ण किमतीवर ड्युटी भरली. तेव्हापासून आम्ही पाठवतानाच उत्पादकाला लिहून देतो की आमचाच युनिट परत हवा, बदली नको. आणि पॅक करण्याआधी नंबरच्या प्लेटचा फोटो काढून एजंटाला देतो.

धोटा_इचलकरंजी | १४ जून, सकाळी ११.५०

नंबर बघितले. जातानाच्या आमच्या इन्व्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर B7-20418. शिपिंग बिलावर मात्र सिरीयल नंबरच नाही, फक्त ‘मागाचा कंट्रोल बोर्ड, दुरुस्ती आणि परत’ एवढं वर्णन आणि आमच्या इन्व्हॉइसचा क्रमांक. येतानाच्या इन्व्हॉइसवर B7-20418-R2. शेवटचं R2 काय आहे कळत नाही. बेल्जियमला विचारलंय.

पत्राचा मसुदा केलाय. अंधेरीच्या ऑफिसातल्या ज्या ताई फोनवर बोलल्या त्या मराठीच आहेत, मराठीत पाठवलं तरी चालेल म्हणाल्या. बघा कसं वाटतंय.

> विषय: एअरवे बिल 48276XXXXX – दुरुस्त होऊन परत आलेला माल – बिल ऑफ एंट्री भरण्यापूर्वी कृपया पाहावे
>
> सस्नेह नमस्कार,
>
> वरील पार्सलबाबत यापूर्वी ८, १० आणि १२ जूनला लिहिले होते. त्या पत्रांत पुरेशी माहिती नव्हती, म्हणून सर्व तपशील एकत्र देत आहे.
>
> उचल: ब्रसेल्स, २ जून. मुंबईत आगमन: ५ जून, सकाळी ६.४०. त्याच दिवशी दुपारी ट्रॅकिंगवर On hold – clearance अशी नोंद. त्यानंतर नवीन नोंद नाही. नग १, वजन ४.२ किलो. आमचा तक्रार क्रमांक या पत्राच्या शेवटी दिला आहे.
>
> आपला ६ जूनचा ईमेल आमच्या जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे आम्हाला काल मिळाला. उत्तराला उशीर आमच्याकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. कृपया यापुढे या पत्त्यावर आणि या मोबाइलवरच संपर्क साधावा.
>
> हा माल खरेदी केलेला नाही. तो आमचाच असून ६ एप्रिलला दुरुस्तीसाठी निर्यात केला होता. त्यामुळे खरेदीचा पेमेंट पुरावा नाही. दुरुस्तीच्या ३८० युरोंचा बँकेचा पुरावा जोडला आहे. नोटिफिकेशन ४५/२०१७-कस्टम्सखाली दुरुस्तीचा खर्च, दोन्हीकडचे भाडे आणि विमा एवढ्यावर असेसमेंट व्हावे अशी विनंती आहे.
>
> कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात: बिल ऑफ एंट्री भरले आहे का, असल्यास क्रमांक आणि तारीख. भरले नसल्यास चेकलिस्ट आधी आमच्या मंजुरीसाठी पाठवावी. आमच्या लेखी होकाराशिवाय आमच्या वतीने ड्युटी भरू नये.
>
> सोबत: शिपिंग बिल, जातानाचे इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट, येतानाचे इन्व्हॉइस, बँकेचा पुरावा, जातानाच्या भाड्याची पावती, आयईसी, जीएसटी नोंदणी, सहीशिक्क्याचे ऑथोरिटी लेटर.
>
> आपला विश्वासू

सहारकर | १४ जून, दुपारी १.३०

छान लिहिलंय. उशीर आमच्याकडून झाला हे आधीच लिहिलंत ते बरं केलंत, डेस्कवरच्या माणसाला स्वतःचा बचाव करायची गरज उरत नाही. ‘होकाराशिवाय ड्युटी भरू नये’ हे वाक्य काढू नका. बरेच कुरियर गिऱ्हाइकाची सोय म्हणून ड्युटी स्वतः भरतात आणि दारात पैसे मागतात. तुमच्या बाबतीत ती सोय महागात पडेल.

दोन गोष्टी वाढवा. पहिली, हे कुरियर पद्धतीच्या बिल ऑफ एंट्रीवर होणार नसेल तर माल नेहमीच्या कार्गोच्या पद्धतीने, कस्टम्स ब्रोकरमार्फत क्लिअर करायला काय लागेल, हे विचारा. दुरुस्तीची सवलत घ्यायची म्हटली की कुरियरचे डेस्क बऱ्याचदा तिकडेच पाठवतात. हे तुम्ही आधी विचारलंत तर आठवडाभर वाट बघून मग कळण्याची वेळ येणार नाही.

दुसरी, शिपिंग बिलावर सिरीयल नंबर नाही हे स्वतःच सांगा आणि तो इन्व्हॉइसवर आहे, इन्व्हॉइसचा क्रमांक शिपिंग बिलावर आहे, ही साखळी एका ओळीत दाखवा. अधिकाऱ्याला ती स्वतः शोधावी लागली तर शंका निघते.

सगळे कागद एकाच ईमेलमध्ये, प्रत्येक फाइलच्या नावात एअरवे बिल नंबर. नवा ईमेल सुरू करू नका, ६ जूनच्या त्यांच्या ईमेललाच उत्तर द्या. तो थेट डेस्कवरून आलाय, ग्राहक सेवेतून नाही.

रानवारा | १४ जून, दुपारी २.०५

एवढं विनवण्या करत लिहायची काय गरज? पैसे देतो आपण.

कोष्टी_वहिनी | १४ जून, दुपारी २.४०

विनवणी कुठे आहे त्यात? कागद दिलेत, प्रश्न विचारलेत, ड्युटी भरू नका असं स्पष्ट सांगितलंय. रागाने लिहिलेला ईमेल तक्रार विभागात जातो, कागद जोडलेला ईमेल क्लिअरन्सच्या टेबलावर जातो. आम्ही दोन्ही करून बघितलंय.

खर्डेघाशी | १४ जून, संध्याकाळी ६.१८

धागा वाचून विचारतोय. माझ्या वडिलांना मेसेज आलाय, ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, ४९ रुपये भरा’ आणि खाली लिंक. त्यांनी काही मागवलंच नाहीये. तरी त्यांना वाटतंय की कुणी भाच्याने पाठवलं असेल. अशा वेळी पण बिल ऑफ एंट्री विचारायचं का?

सहारकर | १४ जून, संध्याकाळी ७.००

नाही, त्या लिंकला हात लावू नका. आधी भाच्याला फोन करून एअरवे बिल नंबर मागा. नंबरच नसेल तर पार्सलही नाही. नंबर असेल तर तो कुरियरच्या वेबसाइटवर स्वतः टाइप करून बघा. आणि कस्टम्सच्या नावाने पत्र किंवा नोटीस आली तर तिच्यावर डीआयएन हा क्रमांक असतो, नोव्हेंबर २०१९ पासून. सीबीआयसीच्या वेबसाइटवर तो टाकून पत्र खरं आहे का बघता येतं. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

धोटा_इचलकरंजी | १६ जून, संध्याकाळी ५.३०

शनिवारी रात्री पत्र पाठवलं, आज सोमवारी दुपारी उत्तर आलं. बिल ऑफ एंट्री भरलेलं नाही. ड्युटीही भरलेली नाही. कागद मिळाले असं लिहिलंय. आणि दादा म्हणाले तसंच, या सवलतीसाठी कुरियर पद्धत वापरत नाही, कार्गोची बिल ऑफ एंट्री करावी लागेल, त्यांचा ब्रोकर किंवा आमचा. त्यांचा नेमला तर वेगळी फी आहे. गोदामाचं भाडं मात्र चालू झालंय, ते दिवसागणिक वाढणार.

बेल्जियमचंही उत्तर आलं. R2 म्हणजे दुसरी रिव्हिजन. त्यांनी बोर्डवरचा पॉवरचा भाग बदलला, त्यामुळे नवीन स्टिकर लावला. मूळ बोर्ड तोच आहे, तांब्याच्या थरावर कोरलेला जुना नंबर अजून आहे म्हणतात.

आता पेच असा की स्टिकरवर R2, शिपिंग बिलाच्या साखळीत नुसता 20418.

सहारकर | १६ जून, रात्री ९.१५

आज मोठी गाठ सुटली. पैसे भरलेले नाहीत आणि बिल भरलेलं नाही, म्हणजे काही दुरुस्त करत बसावं लागणार नाही, पहिल्यापासून नीट भरता येईल.

R2 साठी बेल्जियमकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात आलेल्या बोर्डाचा नंबर, परत पाठवलेल्या बोर्डाचा नंबर, काय बदललं, स्टिकर का बदलला, आणि बदललेल्या भागांची किंमत ३८० मध्ये धरली आहे की नाही, हे असावं. शेवटचं विसरू नका. वॉरंटीत किंवा फुकट बदलला असला तरी त्या भागांची किंमत बेरजेत धरावी लागते. कोरलेल्या नंबरचा फोटो त्यांच्याकडे असेल तर सोन्याहून पिवळं. अधिकारी बहुतेक बॉक्स उघडून बघेल, तेव्हा तो नंबर कुठे आहे हे ब्रोकरला फोटोवर खूण करून द्या.

मान्य होईलच अशी खात्री मी देणार नाही. मी अशा दोन केस बघितल्यात, एक पत्रावर सुटली, दुसऱ्यात अधिकाऱ्याने चार्टर्ड इंजिनियरचं सर्टिफिकेट मागितलं.

तारखेकडेही लक्ष ठेवा. उतरल्यापासून ३० दिवसांत माल क्लिअर झाला नाही तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४८ खाली नोटीस देऊन तो विकता येतो. लगेच विकतात असं नाही, पण ५ जुलैच्या आत बिल ऑफ एंट्री आत असलीच पाहिजे.

नाना_सांगलीकर | १६ जून, रात्री १०.००

मी ड्युटी भरून टाक म्हणालो होतो, ते मागे घेतो. आमच्या संघातल्या मागच्या दोन पार्टचे कागद उद्या काढायला सांगतो. ते पण दुरुस्तीलाच गेले होते.

धोटा_इचलकरंजी | २० जून, दुपारी १२.४५

बेल्जियमचं पत्र आलं. बदललेल्या भागांचे १२० युरो ३८० मध्येच धरलेत असं स्पष्ट लिहिलंय, आणि कोरलेल्या नंबरचा फोटोही दिलाय, 20418 नीट वाचता येतो. आमच्याच एजंटाला ब्रोकर नेमलं, कारण जातानाचं शिपिंग बिल त्यानेच केलं होतं. आज सकाळी त्याची चेकलिस्ट आली. नोटिफिकेशन बरोबर, किंमत दुरुस्तीची. पण जीएसटी नंबरच्या जागी आमच्या बंद केलेल्या जुन्या फर्मचा नंबर होता, तो बदलायला सांगितलाय.

तपासणी सोमवारी आहे म्हणतात. त्या मागावरचा बीम उतरवून दुसऱ्यावर चढवला.

कोष्टी_वहिनी | २० जून, दुपारी १.१०

सोमवारी काय झालं ते नक्की लिहा. आमचा अजून एक युनिट पुढच्या महिन्यात जर्मनीला जाणार आहे, आणि त्याच्या शिपिंग बिलात सिरीयल नंबर घालायला मी आजच एजंटाला सांगितलंय.

धोटा_इचलकरंजी | २० जून, दुपारी १.२५

लिहितो वहिनी. अधिकाऱ्याने चार्टर्ड इंजिनियरचं मागितलं तर तेही लिहितो.